याद्या मिळवण्याआधी रकाने जुळवा

एका गावातल्या वाचनालयाच्या दोन शाखा आहेत असं धरू. एक पेठेतली जुनी, दुसरी स्टेशनजवळची, नंतर उघडलेली. दोन्ही शाखांनी आपापल्या पुस्तकांची यादी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांकडून संगणकावर चढवून घेतली. आता कार्यकारिणीला तीन उत्तरं हवी आहेत. दोन्ही शाखांत मिळून कोणकोणती पुस्तकं आहेत? दोन्हीकडे असलेली कोणती? आणि पेठेत आहेत पण स्टेशनला नाहीत, अशी कोणती?

समजायला सोपं जावं म्हणून याद्या अगदी छोट्या घेऊ. पेठ शाखेत पाच पुस्तकं आहेत.

| शीर्षक | लेखक | साल |
|---|---|---|
| श्यामची आई | साने गुरुजी | 1935 |
| बनगरवाडी | व्यंकटेश माडगूळकर | 1955 |
| ययाति | वि. स. खांडेकर | 1959 |
| कोसला | भालचंद्र नेमाडे | 1963 |
| मृत्युंजय | शिवाजी सावंत | 1967 |

स्टेशन शाखेत चार.

| शीर्षक | लेखक | साल |
|---|---|---|
| बनगरवाडी | व्यंकटेश माडगूळकर | 1955 |
| बटाट्याची चाळ | पु. ल. देशपांडे | 1958 |
| स्वामी | रणजित देसाई | 1962 |
| कोसला | भालचंद्र नेमाडे | 1963 |

ही उत्तरं बोटं मोजूनही काढता येतात. एकत्र यादीत सात पुस्तकं येतील. 'बनगरवाडी' आणि 'कोसला' दोन्हीकडे असली तरी एकेकदाच लिहायची. दोन्हीकडे आहेत ती हीच दोन. फक्त पेठेत आहेत ती 'श्यामची आई', 'ययाति' आणि 'मृत्युंजय' ही तीन. शाळेत संचांचा धडा ज्यांनी गिरवला त्यांना यात संयोग, छेद आणि फरक लगेच ओळखू येतील. ताळाही तिथलाच: पाच अधिक चार, वजा दोनदा मोजलेली दोन, म्हणजे सात.

डेटाबेसच्या जगात या तीन क्रिया रिलेशनल अल्जेब्रा नावाच्या शास्त्रात येतात. तक्त्यांवर क्रिया करून नवे तक्ते कसे मिळवायचे, याचं हे गणित. तिथे संयोग, छेद आणि फरक शाळेतल्यासारखेच असतात, पण त्यांना एक अट जोडलेली असते. कोणतेही दोन तक्ते उचलून त्यांचा संयोग करता येत नाही. त्यांचे रकाने एकमेकांशी जुळावे लागतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या अटीला युनियन कंपॅटिबिलिटी म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ती दोन ओळींत उरकलेली असते. माझ्या मते ती इतक्या थोडक्यात सोडून देण्यासारखी नाही. अट का आहे हे नीट कळलं नाही, तर संगणक ती तपासतो तेव्हा नेमकं काय तपासतो आणि काय सोडून देतो, तेही कळत नाही.

तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय, इथून सुरुवात करू. पेठ शाखेच्या तक्त्यामागे एक वाक्य लपलेलं आहे: '___ हे पुस्तक ___ यांनी लिहिलं, त्याची पहिली आवृत्ती ___ साली निघाली आणि ते पेठ शाखेत आहे.' तीन रिकाम्या जागा, तीन रकाने. प्रत्येक ओळ या जागा भरते आणि एक खरं विधान तयार होतं. तक्त्यात पाच ओळी आहेत म्हणजे पाच विधानं खरी आहेत. तेच विधान दोनदा सांगितल्यानं काही वाढत नाही, म्हणून एकच ओळ दोनदा येत नाही. कोणतं विधान आधी सांगितलं यानंही फरक पडत नाही, म्हणून ओळींच्या क्रमाला अर्थ नाही. तक्ता हा ओळींचा संच आहे असं म्हणतात ते या अर्थानं.

आता स्टेशनच्या तक्त्यामागचं वाक्य पाहा. शेवटचे शब्द सोडले तर तेच. त्यामुळे दोन्ही वाक्यं सहज जोडता येतात. संयोगाचं वाक्य होतं: '___ हे पुस्तक ___ यांनी लिहिलं, पहिली आवृत्ती ___ साली निघाली आणि ते पेठेत किंवा स्टेशनला आहे.' छेदासाठी 'किंवा'च्या जागी 'आणि' घालायचं. फरकासाठी 'पेठेत आहे आणि स्टेशनला नाही' म्हणायचं. तिन्ही वेळा रिकाम्या जागा तीनच राहतात आणि प्रत्येक जागेत काय भरायचं तेही बदलत नाही. फरकाच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवायचं की तिथे बाजू बदलल्या की उत्तर बदलतं. पेठेतून स्टेशन वजा केलं तर तीन पुस्तकं उरतात. स्टेशनमधून पेठ वजा केली तर 'बटाट्याची चाळ' आणि 'स्वामी' ही दोनच.

समजा स्टेशनच्या यादीत चौथा रकाना आहे, प्रतींची संख्या. आता तिचं वाक्य वेगळं झालं: '…आणि स्टेशनला त्याच्या ___ प्रती आहेत.' पेठेच्या वाक्यात तीन जागा, इथे चार. 'किंवा' लावून ही दोन वाक्यं एका वाक्यात बसवता येत नाहीत. ओळींचा नुसता ढीग मात्र करता येतो. काही ओळींत तीन गोष्टी, काहींत चार. गणिताच्या दृष्टीनं तोही संचच आहे, त्यावर कुणी आक्षेप घेणार नाही. पण तो तक्ता नव्हे.

हा मुद्दा एडगर कॉड यांनी सुरुवातीलाच मांडला होता. इंग्लंडात जन्मलेले आणि अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे कॉड गणिताचे माणूस. मोठ्या सामायिक माहितीसाठ्यांकडे तक्त्यांच्या रूपात कसं पाहायचं, हे सांगणारा त्यांचा निबंध जून 1970मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या बहुतेक डेटाबेसचं मूळ तिथे आहे आणि त्याच कामासाठी 1981 साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तक्ते हे संच असल्यामुळे संचांच्या नेहमीच्या क्रिया त्यांना लागू होतात, पण येणारं उत्तर तक्ताच असेल असं नाही, हे त्यांनी त्या निबंधात नोंदवलं. उदाहरणही साधं दिलं: दोन रकान्यांचा तक्ता आणि तीन रकान्यांचा तक्ता यांचा संयोग. रकाने जुळण्याची अट त्यांनी 1972च्या निबंधात रीतसर मांडली. रकान्यांची संख्या सारखी हवी आणि समोरासमोरचे रकाने एकाच डोमेनमधले हवेत. डोमेन म्हणजे त्या रकान्यात कोणत्या प्रकारची मूल्यं येऊ शकतात त्यांचा साठा: शीर्षकांचा, लेखकांचा, सालांचा.

उत्तर तक्ताच असलं पाहिजे, हा कॉड यांचा आग्रह का? कारण रिलेशनल अल्जेब्रात एका क्रियेचं उत्तर दुसऱ्या क्रियेला द्यायचं असतं. छेदाचंच पाहा. छेद ही स्वतंत्र क्रिया नसली तरी चालतं; फरक दोनदा केला की तो मिळतो:

```
A ∩ B = A − (A − B)
```

आपल्या याद्यांवर करून पाहू. आधी पेठेतून स्टेशन वजा केलं: 'श्यामची आई', 'ययाति', 'मृत्युंजय' उरली. मग पेठेच्या पूर्ण यादीतून ही तीन वजा केली: 'बनगरवाडी' आणि 'कोसला' उरली. छेद मिळाला. पण दुसरी वजाबाकी शक्य झाली, कारण पहिलीचं उत्तर त्याच तीन रकान्यांचा सरळ तक्ता होतं. मधेच तीन आणि चार रकान्यांच्या ओळींचा ढीग आला असता तर पुढच्या क्रियेला लेखकाचा रकाना कुठून मिळणार? लेखकावरून निवड करायची म्हटली तरी प्रत्येक ओळीत लेखक असायला हवा. एकात एक गुंफलेल्या दहा क्रियांच्या प्रश्नात एका ठिकाणी जरी तक्ता मोडला, तरी पुढची सगळी माळ अडते.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. मोडतो तो संयोग. छेद आणि फरक तर मोडतच नाहीत! तीन रकान्यांच्या ओळी आणि चार रकान्यांच्या ओळी यांच्यात समान ओळ असूच शकत नाही, म्हणून छेद रिकामा येईल, आणि रिकामा तक्ताही तक्ताच असतो. फरकात पेठेची यादी जशीच्या तशी परत मिळेल. तोही व्यवस्थित तक्ता. मग ही अट त्या दोघांनाही का लावायची?

कारण ती उत्तरं कशावरही अवलंबून नाहीत. याद्यांत कोणतीही पुस्तकं असोत, छेद रिकामाच येणार आणि फरकात सगळंच परत येणार. म्हणजे प्रश्न विचारला असं वाटतं, पण प्रत्यक्षात काहीच विचारलेलं नसतं. 'दोन्हीकडे असलेली पुस्तकं: एकही नाही' असा कागद कार्यकारिणीपुढे गेला, तर वाचणाऱ्याला तो खरा निष्कर्ष वाटेल. उद्या स्टेशनसाठी पेठेतली पाचही पुस्तकं नव्यानं खरेदी करायचा ठरावही होईल. त्यापेक्षा संगणकानं काम करायला नकार देणं केव्हाही बरं. संयोगात ही अट तक्त्याचा आकार राखते. छेदात आणि फरकात ती आपल्याला खोट्या उत्तरापासून वाचवते, आणि मला तिचं हे दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं.

नकार कसा दिसतो? एसक्यूएलमध्ये आपला संयोग असा लिहितात:

```
SELECT shirshak, lekhak, varsh FROM peth
UNION
SELECT shirshak, lekhak, varsh FROM station;
```

`UNION`च्या जागी `INTERSECT` घातलं की छेद, `EXCEPT` घातलं की फरक. ओरॅकलमध्ये फरकासाठी पूर्वीपासून `MINUS` लिहितात. आता दुसऱ्या ओळीत प्रतींचा चौथा रकाना घातला, तर पोस्टग्रेसक्यूएल हे उत्तर देतं:

```
ERROR:  each UNION query must have the same number of columns
```

पहिली अट मोडली. दुसरी मोडायची असेल तर स्टेशनच्या तक्त्यात साल हे आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवून पाहा:

```
ERROR:  UNION types integer and text cannot be matched
```

हे झालं कडक डेटाबेसचं. सगळे इतके कडक नसतात. मायएसक्यूएल अशा वेळी आकड्यांचा मजकूर करून घेतं आणि पुढे जातं. एसक्यूलाइटही अडवत नाही, पण तिथे आकडा 1955 आणि मजकूर '1955' ही दोन वेगळी मूल्यं राहतात. 'बनगरवाडी' एकत्र यादीत दोनदा येते आणि छेदात एकदाही येत नाही. पडद्यावर दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात. नुसत्या डोळ्यांनी चूक सापडत नाही. मूल्याचा प्रकार विचारावा लागतो.

पण खरी अडचण याहून खोल आहे. कॉड यांनी अट घातली होती डोमेनची. डेटाबेस तपासतात तो प्रकार: आकडा आहे की मजकूर, की तारीख. शीर्षक आणि लेखक हे दोन वेगळे डोमेन आहेत, पण प्रकार दोघांचा एकच, मजकूर. शिवाय एसक्यूएल रकान्यांच्या जोड्या नावावरून लावत नाही, क्रमावरून लावतं. पहिल्याचा पहिला दुसऱ्याच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. नावं वेगळी असली तरी हरकत नाही. उत्तरावर पहिल्या तक्त्याची नावं चढतात.

आता स्टेशन शाखेत ज्यानं यादी चढवली त्यानं लेखकाचा रकाना आधी ठेवला असेल, शीर्षकाचा नंतर, आणि आपण रकान्यांची नावं न लिहिता आळसानं तारका वापरली:

```
SELECT * FROM peth
UNION
SELECT * FROM station;
```

काहीच तक्रार येत नाही. रकाने तीन आणि तीन. मजकूर, मजकूर, आकडा. समोरही मजकूर, मजकूर, आकडा. उत्तरात नऊ ओळी येतात आणि त्यांतल्या दोन अशा दिसतात:

| shirshak | lekhak | varsh |
|---|---|---|
| कोसला | भालचंद्र नेमाडे | 1963 |
| भालचंद्र नेमाडे | कोसला | 1963 |

नऊ ओळींत हे लगेच नजरेत भरतं. नऊ हजार ओळींत नाही, आणि ती यादी कुणी न पाहता थेट पुढच्या कामाला गेली तर मुळीच नाही. पण हा बिघाड ओळखायची एक खूण आहे. संयोगातल्या ओळी बरोबर दोन्ही तक्त्यांच्या बेरजेइतक्या भरतात, छेद पूर्ण रिकामा येतो, आणि फरकात पहिला तक्ता जसाच्या तसा परत येतो. तिन्ही एकदम घडलं, तर दोन शाखांत खरोखर एकही पुस्तक सामाईक नाही, किंवा रकाने चुकीच्या जोडीनं बसले आहेत. एकाच गावातल्या दोन शाखांत 'श्यामची आई' किंवा 'ययाति' यांपैकी काहीच सामाईक नसेल, हे पटण्यासारखं आहे का, ते आपणच ठरवायचं. म्हणून मी संयोगाच्या आधी नेहमी छेद मोजावा असं सांगतो. अंदाजापेक्षा छेद फार लहान आला, तर संयोगाला हात लावायचा नाही.

क्रमावर भिस्त न ठेवता नावांवरून जोड्या लावता आल्या असत्या. इंग्लंडमधल्या पीटरली इथल्या आयबीएमच्या केंद्रात 1970च्या दशकात आयएसबीएल नावाची भाषा तयार झाली, तिच्यात रकाने नावानंच ओळखले जात. एसक्यूएलच्या 1992च्या प्रमाणकातही नावांवरून जोड्या लावण्यासाठी `CORRESPONDING` हा शब्द आहे, पण फार थोड्या डेटाबेसनी तो स्वीकारला. त्यामुळे रोजच्या कामात उपाय एकच: तारका न वापरता रकाने एकेक करून, दोन्हीकडे त्याच क्रमानं लिहिणं. त्यात अर्धं मिनिट जातं आणि वर दाखवलेला घोटाळा होत नाही.

नावं जुळली म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. यादीतला तिसरा रकाना घ्या, साल. जुन्या मराठी पुस्तकांच्या आतल्या पानावर शक छापलेला असे, आणि जुन्या नोंदवह्यांत तोच उतरवला जाई. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावर आजही इसवी सनाच्या तारखेसोबत शके छापतात, कारण भारताचं राष्ट्रीय पंचांग 1957पासून शकावर आधारलेलं आहे. समजा स्टेशन शाखेची यादी अशा शकातल्या नोंदवहीवरून चढवली आहे. मग तिच्यात 'बनगरवाडी'समोर 1877 असेल, 'बटाट्याची चाळ'समोर 1880, 'स्वामी'समोर 1884, 'कोसला'समोर 1885.

अट तपासा. रकाने तीन, तीन. प्रकार जुळतात. क्रम जुळतो. नावही जुळतं, दोन्हीकडे `varsh`. नावावरून जोड्या लावणाऱ्या भाषेनंही इथे मान डोलावली असती. संयोगात नऊ ओळी, छेद शून्य. पण आधीच्या घोटाळ्यात लेखकाच्या जागी शीर्षक दिसत होतं, तसं इथे काहीच विचित्र दिसत नाही. 1877 हे एखाद्या मराठी पुस्तकाचं अगदी खरं वाटणारं साल आहे. ही यादी हाती पडलेल्या माणसाला 'बनगरवाडी'ची 1877 सालची एखादी दुर्मीळ आवृत्ती सापडल्यासारखं वाटेल. व्यंकटेश माडगूळकर विसाव्या शतकातले लेखक आहेत, हे माहीत असलेल्यालाच शंका येईल. इसवी सनाची वर्षं हा एक डोमेन, शकवर्षं हा दुसरा. कॉड यांच्या अटीप्रमाणे हे दोन तक्ते जुळतच नाहीत. डेटाबेसच्या लेखी मात्र दोन्ही नुसते आकडे आहेत.

काही डेटाबेसमध्ये स्वतःचे प्रकार घडवता येतात, म्हणजे सन वेगळा आणि शक वेगळा असं सांगून ठेवता येतं. मग अशी चूक पहिल्याच फटक्यात पकडली जाईल. व्यवहारात हा त्रास फार कमी लोक घेतात, आणि साल सर्वत्र साधा आकडा म्हणूनच पडून राहतं. म्हणून डोमेनची तपासणी माणसावर येते. तीही संयोग करायच्या आधी, दोन्हीकडच्या रकान्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मूल्य शेजारी मांडून करावी. पेठेत 1935 ते 1967, स्टेशनला 1877 ते 1885. मागे पडलेल्या शाखेत विसाव्या शतकातलं एकही पुस्तक नाही, हे इथे झटकन दिसतं.

दुरुस्ती म्हणजे एका बाजूला दुसऱ्याच्या डोमेनमध्ये आणणं. शकात 78 मिळवले की बहुतेक वेळा इसवी सन मिळतो:

```
SELECT shirshak, lekhak, varsh FROM peth
INTERSECT
SELECT shirshak, lekhak, varsh + 78 FROM station;
```

आता छेदात 'बनगरवाडी' आणि 'कोसला' पुन्हा उभी राहतात. 'बहुतेक वेळा' म्हणालो, कारण शकवर्ष चैत्रात सुरू होतं. शके 1877 म्हणजे 1955च्या गुढीपाडव्यापासून 1956च्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत. जानेवारी ते मार्चच्या सुमारास निघालेल्या पुस्तकासाठी 78 नव्हे, 79 मिळवायला हवेत, आणि नोंदवहीत महिना नसेल तर ते ठरवायला काहीच आधार नाही. अशी पुस्तकं एका वर्षाच्या फरकानं छेदातून निसटतील आणि संयोगात दोनदा येतील. ती शोधायला शीर्षक आणि लेखक जुळवून साल न जुळणाऱ्या ओळी मागवाव्या लागतात:

```
SELECT p.shirshak, p.varsh, s.varsh + 78
FROM peth p JOIN station s
  ON p.shirshak = s.shirshak AND p.lekhak = s.lekhak
WHERE p.varsh <> s.varsh + 78;
```

उत्तरात सगळीकडे फरक एकाचाच असेल तर कारण हेच. कुठे दहा-वीस वर्षांचा फरक आला तर तिथे पहिल्या आवृत्तीऐवजी पुढच्या आवृत्तीचं साल नोंदलं असावं. तेही वाक्य बदलल्याचंच लक्षण.

याच्या शेजारची, पण वेगळी चूक म्हणजे लेखनाची. एकीकडे 'ययाति' आणि दुसरीकडे 'ययाती', एकीकडे 'माडगूळकर' आणि दुसरीकडे 'माडगुळकर'. इथे रकाने जुळतात, डोमेनही एकच, फक्त मूल्य दोन तऱ्हांनी लिहिलंय. रकान्यांची अट यावर काही करू शकत नाही. पण दोन्ही चुकांची चाहूल वेगवेगळी लागते. रकाने चुकले तर छेद एकदम शून्यावर येतो. लेखन चुकलं तर छेदातून चार-दोन ओळी गळतात आणि बाकीचं ठीक राहतं. म्हणून छेद शून्य असेल तर रकान्यांकडे पाहायचं, थोडा कमी असेल तर मूल्यांकडे.

आता प्रतींच्या रकान्याकडे परत जाऊ, कारण त्यात रकाने अगदी नीट जुळूनही प्रश्न चुकतो. समजा पेठेनंही प्रतींचा रकाना वाढवला. 'बनगरवाडी'च्या पेठेत दोन प्रती आहेत, स्टेशनला तीन. 'कोसला'ची दोन्हीकडे एकेक प्रत आहे. चार रकाने, चार रकाने, डोमेनही एकच. छेद घेतला तर फक्त 'कोसला' येतं. संगणकानं चूक केलेली नाही. आपण विचारलं 'शीर्षक, लेखक, साल आणि प्रतींची संख्या हे सगळं दोन्हीकडे सारखं असलेली पुस्तकं कोणती?', आणि त्याचं उत्तर हेच आहे. कार्यकारिणीचा प्रश्न तो नव्हता. ओळ पूर्णच्या पूर्ण सारखी असेल तरच ती सारखी, अर्धवट सारखेपणा या क्रियांना कळत नाही. तेव्हा सामाईक पुस्तकं हवी असतील तर प्रतींचा रकाना आधी गाळायचा आणि मग छेद घ्यायचा.

एकूण प्रती मोजायच्या असतील तर मात्र संयोग घ्यायचाच नाही. संयोग समान ओळी एकदाच ठेवतो, त्यामुळे 'कोसला'च्या दोन शाखांतल्या दोन ओळींची एक होऊन एक प्रत हिशोबातून जाते, आणि 'बनगरवाडी'ची मात्र दोन ओळींतून पाचची बेरीज बरोबर लागते. म्हणजे जिथे आकडे योगायोगानं सारखे, तिथेच बेरीज चुकते. यासाठी एसक्यूएलमध्ये समान ओळीही जशाच्या तशा ठेवणारं `UNION ALL` आहे:

```
SELECT shirshak, SUM(prati)
FROM (SELECT shirshak, prati FROM peth
      UNION ALL
      SELECT shirshak, prati FROM station) AS t
GROUP BY shirshak;
```

हा शुद्ध संचांचा संयोग नाही, कारण संचात एक घटक दोनदा येत नाही. पण रकाने जुळण्याची अट त्यालाही तशीच लागू आहे. इथे 'बनगरवाडी'समोर 5 आणि 'कोसला'समोर 2 येतात. शीर्षक आणि प्रती या दोनच रकान्यांवर काम चाललं असल्यामुळे सन की शक हा वाद इथे उद्भवतच नाही. मात्र एकाच शीर्षकाची दोन लेखकांची पुस्तकं संग्रहात असतील, तर त्यांच्या प्रती एकाच ओळीत मिळतील. तशी शक्यता दिसली तर लेखकाचा रकाना दोन्हीकडे, त्याच जागी, परत घालायचा.